नाव, हुद्दा, लिंग ठाऊक नसताना मायना : पार्श्वभूमी

जुन्या मोडी पत्रांत मायना म्हणजे समोरच्याची सगळी कुंडली. 'राजमान्य राजेश्री', 'वेदशास्त्रसंपन्न', 'तीर्थस्वरूप', 'चिरंजीव', 'वज्रचुडेमंडित', विधवेसाठी 'गंगाभागीरथी': माणूस कोण, वडीलधारा की धाकटा, बाई असली तर सवाष्ण की नाही, हे ठाऊक असल्याशिवाय लेखणी पुढे सरकत नसे. अनोळखी माणसाला हे लिहिता येणार कसे?

सरकारी कागदांनी वाट वेगळीच काढली होती. सतराव्या शतकातल्या सनदांत 'बजानेब कारकुनानि हाल व इस्तकबाल' असा मजकूर भेटतो. अर्थ असा, की आज जे कारकून आहेत आणि पुढे जे येतील, त्या सगळ्यांना. हुकूम माणसाला नव्हे, जागेला. जागेवरचा माणूस बदलला तरी कागद खोटा ठरत नाही. शिवाय फारसीत व्याकरणिक लिंगच नसल्याने तीही अडचण उरत नाही.

इंग्रजी अमदानीत अर्जाचा साचा 'सर'भोवती बसला, आणि आजच्या अर्जात त्या जागी 'महोदय' दिसते. शब्द संस्कृत, पण पुल्लिंगी. बायका खुर्चीत बसू लागल्यावर त्याला 'महोदया' जोडून तिरपी रेघ द्यावी लागली. 'महोदय/महोदया' चुकीचे नाही, फक्त रेघ पाहताच अर्ज छापील वाटतो.

हुद्दाही माहीत नसेल तर विभागालाच लिहावे. पाण्याच्या बिलाची तक्रार घ्या:

प्रति,
पाणीपुरवठा विभाग,
(नगरपरिषदेचे नाव व गाव) यांस,
विषय : मीटर बंद असताना आलेल्या बिलाबाबत.
स.न.वि.वि.

'यांस' हे आदरार्थी अनेकवचन बाईला, पुरुषाला, विभागालाही चालते. 'स.न.वि.वि.' म्हणजे 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'. त्यात समोरच्याचा उल्लेखच नाही, म्हणून चुकायला जागा नाही. ते घरगुती वाटत असेल तर विषयानंतर सरळ मजकूर सुरू करावा. हुद्दा कळला, तर 'मा.' लावावे. 'माननीय' आणि 'माननीया' दोन्ही त्या एका अक्षरात मावतात, 'मा. श्री.' लिहिले की पुरुष ठरलाच.

मायना सांभाळूनही घसरण होते ती मजकुरात. 'आपण पाहणीला आला होतात' या वाक्याने अधिकारी पुरुष ठरतो. बाई असती तर 'आल्या होतात' लागले असते. तिथे 'आपल्या कार्यालयाने पाहणी केली' असे लिहावे. 'कळवावे', 'दुरुस्त करून मिळावे' ही रूपेही कुणालाही चालतात.

'ज्या कोणाशी संबंध असेल त्यांस' हा मायना दाखल्यापुरता ठीक. अनुभवाचा दाखला कोण वाचेल हे देणाऱ्याला माहीत नसते, आणि त्याला उत्तरही नको असते. तक्रारीवर तो लावला तर अर्ज कोणत्या टेबलावर जायचा हेच आवक-जावक कारकुनाला कळत नाही.