एका ऱ्हस्व स्वराचा फरक : अरबीतलं 'एकदा' आणि 'कसं'

अरबी भाषेत स्वरच नसतात, असं अनेकदा वाचायला मिळतं. ते चूक आहे. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, एवढंच खरं. बोलण्यात ते असतातच, आणि त्यांतला एक बदलला की अर्थही बदलतो.

ज-ल-स ही तीन व्यंजनं घ्या. 'जलस' म्हणजे तो बसला आणि 'जुलूस' म्हणजे बसण्याची क्रिया. आता पहिल्या व्यंजनाला 'अ' द्या, दुसरं हलन्त ठेवा आणि शेवटी स्त्रीलिंगी प्रत्यय लावा. झाला 'जल्सा', म्हणजे एकदा बसणं. आपला 'जलसा' फारसीमार्गे आला तो इथूनच. त्याच साच्यात 'अ'च्या जागी 'इ' आणली की 'जिल्सा' होतो, म्हणजे बसण्याची ढब. 'रक्बा' ही एक स्वारी, तर 'रिक्बा' ही स्वारीची पद्धत. पहिल्या प्रकाराला इस्म-अल-मर्रा म्हणतात, दुसऱ्याला इस्म-अल-हैआ. आठव्या शतकात बसऱ्याच्या सीबवैहने आपल्या व्याकरणात या दोन्हींची नोंद केली आहे.

मला सर्वांत मोह पडतो तो त्या शेवटच्या प्रत्ययाचा. अरबीत 'तम्र' म्हणजे खजूर, सगळा मिळून. 'तम्रा' म्हणजे त्यातला एक दाणा. पदार्थाच्या राशीतून एक नग वेगळा काढणारा हा प्रत्यय इस्म-अल-मर्रामध्ये क्रियेच्या अखंड प्रवाहातून एक प्रसंग वेगळा काढतो. एकदा नग हाती आला की तो मोजता येतो: 'जल्सतान' म्हणजे दोन बैठका, आणि पुढच्या अनेकवचनात मधल्या व्यंजनालाही 'अ' मिळून 'जलसात' होतं. लांब क्रियापदांना वेगळा साचा लागत नाही. 'इब्तिसाम' म्हणजे स्मित करणं, त्याला हाच प्रत्यय लावला की 'इब्तिसामा', एक स्मित.

इतकी नीटस रचना पाहून काही जण अरबीला 'गणिती' भाषा ठरवतात. संस्कृतबद्दलही असेच दावे फिरतात. त्यात तथ्य नाही, कारण हा नियमही जागोजागी अडतो. 'दअ्वा' म्हणजे आमंत्रण. या क्रियानामाला तो प्रत्यय आधीच आहे, म्हणून एकदाच घडलं हे सांगायला पुढे 'वाहिदा', म्हणजे 'एक', जोडावं लागतं. जाणणं यासारख्या मनाच्या स्थितींतून असा एक प्रसंग सहसा काढत नाहीत. आणि लांब क्रियापदांना रीत दाखवणारा खास साचाच नाही. तिथे विशेषण किंवा षष्ठीचा आधार घ्यावा लागतो.

छापील मजकुरात तर जल्सा आणि जिल्सा हुबेहूब सारखे दिसतात. मग वाचक शेजारचे शब्द पाहतो. पुढे 'वाहिदा' असेल तर तो 'अ' उच्चारतो. 'तो अमिराची बैठक बसला' अशी रचना असेल, म्हणजे अमीर बसतो तसा, तर 'इ'. पण पुढे नुसतं 'लांब' असं विशेषण आलं, तर वेळ लांबली की पाय लांब केले, हे त्या एका वाक्यावरून ठरत नाही. मागचा-पुढचा मजकूर वाचावाच लागतो.