शाबितीचा भार : बियाण्यांची ग्राहक तक्रार (बेळगाव सीमाभाग)

वादातली एखादी गोष्ट कोणी शाबीत करायची, हे ठरवणारा नियम म्हणजे शाबितीचा भार. ग्राहक आयोगापुढे हा भार आधी तक्रारदारावर असतो. माल सदोष निघाला असे जो म्हणतो, त्यानेच ते दाखवायचे. पण भार एकाच खांद्यावर राहत नाही. ग्राहकाने सुरुवातीपुरता पुरावा पुढे ठेवला की खुलासा करण्याची पाळी विक्रेत्यावर येते, आणि जी गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक असू शकते ती त्यानेच सांगायची असते. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 109 मध्ये हे तत्त्व आहे.

निपाणी, चिक्कोडी, खानापूर या पट्ट्यात हा भार सरकताना सर्वांत स्पष्ट दिसतो तो न उगवलेल्या सोयाबीनच्या तक्रारीत. मालातला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसल्यास नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, असे ग्राहक कायदा सांगतो. पण शेतकऱ्याने सगळे बियाणे मातीत घातलेले असते, मग नमुना आणायचा कुठून? नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पुढे तपासणी लागेल म्हणून शेतकऱ्याने बियाणे राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही. कंपनीने आपल्याकडचा त्या लॉटचा नमुना तपासायला द्यायला हवा होता. बियाणे नियम, 1968 प्रमाणे विक्रेत्याने प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षे ठेवायची असते. नमुना मात्र संपूर्ण लॉट विकला गेल्यानंतर एक वर्षाने टाकून देता येतो. म्हणून त्या लॉटचा नमुना राखून ठेवा, तपासून घ्या असे लेखी पत्र कंपनीला लवकर गेले पाहिजे.

समजा, निपाणीजवळच्या एका शेतकऱ्याने कागलच्या दुकानातून 30 किलोच्या तीन पिशव्या आणल्या आणि वाफसा बघून तीन एकरांत कुरीने पेरल्या. नवव्या दिवशी मीटरभर ओळीत वीसच्या आसपास रोपे दिसायला हवी होती, दिसली सहा-सात. पिशवीच्या तळाशी उरलेल्या दाण्यांपैकी शंभर त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. त्यानंतर आठव्या दिवशी त्यांतले 41 उगवले. सोयाबीनची किमान उगवण 70 टक्के असावी लागते. घरचा प्रयोग म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, पण वाद खोटा नाही एवढे त्याने दिसते.

कंपनीचे उत्तर ठरलेले असते: खोल पेरले, पावसाने माती दडपली, वाफसा नव्हता. इथेच बहुतेक तक्रारी अडतात, कारण उगवण कमी आहे एवढे शाबीत झाले तरी दोष बियाण्याचा आहे हे अजून शाबीत व्हायचे असते. शेजारच्या बांधापलीकडे त्याच दिवशी, तसल्याच मातीत, दुसऱ्या लॉटचे सोयाबीन नीट उगवले असेल, तर ती तुलना सर्वांत भक्कम. म्हणून कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात लेखी अर्ज देऊन पंचनामा मागावा, आणि त्यात लॉट नंबर, रोपांची मोजणी, पेरणीची खोली, ओल, शेजारचे शिवार आणि मुख्य म्हणजे कारण लिहून घ्यावे. नुसते ‘उगवण कमी आढळली’ असा शेरा असलेला कागद आयोगापुढे फारसा टिकत नाही. पंचनाम्याची तारीख दुकानदाराला आणि कंपनीलाही आधी लेखी कळवावी, नाहीतर ‘आमच्या माघारी केला’ हा आक्षेप येतोच.

दुकानदाराला आणि कंपनीला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा त्यानंतर. लिहायला बसण्याआधी हाती हवी ती पक्की पावती, तिच्यावर लॉट नंबरसह. कच्च्या चिठ्ठीवर तो नसतो. मागूनही बिल न देणे हीसुद्धा कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुसरी वस्तू पिशवी. ती खालून उसवावी, म्हणजे वर शिवलेली खूणचिठ्ठी शाबूत राहते. चिठ्ठी निळी असेल तर बियाणे प्रमाणित. तिसरा कागद पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा. आमच्याकडे उतारा वडिलांच्या नावावर आणि पावती मुलाच्या नावावर हा प्रकार घरोघरी आहे. अशा वेळी नाते दाखवणारी वंशावळ जोडावी. पहाणीत गेल्या हंगामाचे पीक तसेच राहिले असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावे. फोटो ज्या मोबाइलने काढले तो जपावा, कारण छापील प्रतीबरोबर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते.

खरेदी कागलला झाली म्हणून कोल्हापूरला खेपा घालायची गरज नाही. 2019 च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे इथे बेळगावला, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षे. मालापोटी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मराठी पावतीसोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडले तर एक तारीख वाचते.