तीन कर्जांचे तीन दर: तुलना करायची कशी?

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक दोन-तीन प्रस्ताव समोर ठेवतात आणि विचारतात, "यातलं स्वस्त कोणतं?" दरांचे आकडे शेजारी शेजारी लिहून याचं उत्तर मिळत नाही, कारण ते आकडे एकाच गोष्टीचे नसतात. म्हणून आम्ही हिशोब कसा करतो ते इथे सांगत आहोत.

एका वर्षासाठी कर्ज हवं आहे आणि सगळी परतफेड वर्षाअखेर एकरकमी करायची आहे, असं धरू. पहिला प्रस्ताव १२ टक्क्यांचा, व्याज दरमहा मुद्दलात मिसळणार. दुसरा १२.५ टक्के प्रभावी वार्षिक दराचा. तिसरा ११.५ टक्के वटाव दराचा, म्हणजे व्याज आधीच कापून घेणार. वरवर पाहता तिसरा सर्वांत स्वस्त वाटतो.

पहिल्यातले १२ टक्के हा नाममात्र दर आहे. प्रत्यक्षात दरमहा १ टक्का लागतो आणि १.०१ चा बारावा घात १.१२६८ येतो, म्हणजे वर्षाचा प्रभावी दर १२.६८ टक्के. दुसऱ्यात काही बदलायचं नाही, तो आहे तसाच १२.५. तिसऱ्यात १०० च्या कर्जावर हातात ८८.५० पडतात आणि वर्षाने पूर्ण १०० फेडायचे असतात. ११.५० हे व्याज ८८.५० वर पडलं, १०० वर नाही. १०० भागिले ८८.५० म्हणजे १.१२९९, प्रभावी दर जवळपास १३ टक्के. सर्वांत लहान आकड्याचा प्रस्ताव सर्वांत महाग निघाला.

या दरांना जोडणारं नातं एका ओळीत मावतं:

```
1 + i = (1 + n/12)^12 = 1/(1 − d) = e^δ
```

इथे i प्रभावी दर, n दरमहा चक्रवाढीचा नाममात्र दर आणि d वार्षिक वटाव दर. शेवटचा δ म्हणजे फोर्स ऑफ इंटरेस्ट. तो दर करारात क्वचितच लिहिलेला असतो, पण आमचं सगळं काम त्याच्यावर चालतं, म्हणून त्याच्याविषयी थोडं अधिक.

पहिल्या प्रस्तावाचाच भार वेगवेगळ्या पद्धतींनी लिहून पाहा. व्याज वर्षातून एकदा मिसळलं तर दर १२.६८ सांगावा लागेल, सहामाही मिसळलं तर १२.३०, दरमहा १२. मिसळण्याचा अवधी जितका लहान, तितका हा आकडा खाली येतो. वटावाच्या बाजूने मात्र तो वर चढतो: वार्षिक वटाव ११.२६, मासिक वटाव वर्षाच्या हिशोबाने ११.८८. दोन्ही बाजूंनी सरकत ते ११.९४ ला भेटतात. क्षणाक्षणाला व्याज मिसळत राहिलं तर जो वार्षिक दर लागेल तो हाच, आणि तोच δ. कॅल्क्युलेटरवर १.१२६८२५ चा नैसर्गिक लॉगरिदम काढा, ०.११९४ येईल.

त्याची मोठी सोय अशी, की तो मुदतीच्या प्रमाणात सरळ वाटता येतो. सहा महिन्यांसाठी δ चा निम्मा, तीन महिन्यांसाठी पाव. प्रभावी दराचं तसं नाही. १२.६८ चा निम्मा ६.३४, पण पहिल्या प्रस्तावात सहा महिन्यांचं खरं व्याज ६.१५ टक्केच होतं. दर मध्येच बदलला तर प्रत्येक टप्प्याचा δ त्या टप्प्याच्या मुदतीने गुणून बेरीज करायची. आमच्या मते तुलनेसाठी यापेक्षा स्वच्छ मोजमाप नाही.

तिन्ही प्रस्तावांचा δ अनुक्रमे ११.९४, ११.७८ आणि १२.२२ टक्के येतो. दुसरा सर्वांत स्वस्त.

वटावाच्या बाबतीत एक प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका: कपात किती मुदतीसाठी? तेच ११.५ टक्के सहा महिन्यांच्या हुंडीवर लागले तर कपात ५.७५ ची होते आणि हातात ९४.२५ येतात. तसं दोनदा केलं तर वर्षाचा प्रभावी दर १२.५७ आणि δ ११.८४ टक्के. म्हणजे हा व्यवहार पहिल्या प्रस्तावापेक्षाही स्वस्त. दराचा आकडा तोच, पण मुदत बदलली की भार बदलतो.

आमचा किंवा कुणाचाही हिशोब तपासायची एक सोपी खूण आहे. व्याजदर शून्यापेक्षा जास्त असेल तर समान भाराचे दर नेहमी याच क्रमाने चढतात: वार्षिक वटाव, मासिक वटाव, δ, मासिक नाममात्र, प्रभावी. हा क्रम मोडलेला दिसला तर कुठेतरी रूपांतर चुकलं आहे.

या समीकरणात प्रक्रिया शुल्क येत नाही. ते कर्जातून कापलं जात असेल तर हातात पडणारी खरी रक्कम धरूनच गणित मांडावं लागतं. हप्त्यांचं कर्ज असेल तर प्रत्येक हप्ता त्याच्या तारखेनुसार आजच्या किमतीला आणून दर शोधावा लागतो. त्यामुळे येताना करारातला दर, व्याज मिसळण्याचा अवधी, शुल्काची रक्कम आणि परतफेडीच्या तारखा, एवढं सोबत आणा.