तीन आणि चार मिळून पाच

दोन पट्ट्या टोकाला टोक लावून जोडायच्या आहेत. पहिलीच्या मापात ३ मिलिमीटरची चूक होते, कधी जास्तीकडे, कधी कमीकडे, दोन्हींची शक्यता सारखीच. दुसरीच्या मापात तशीच ४ मिलिमीटरची. म्हणजे प्रमाण विचलने ३ आणि ४. मग जोडलेल्या लांबीचे प्रमाण विचलन किती? मनात लगेच ७ येते, पण उत्तर ५ आहे.

ते कागदावर मांडूनच पाहू. दोन्ही चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर एकूण चूक +७, +१, −१ किंवा −७ होईल, आणि चारही निकाल सारख्याच शक्यतेचे. यांचे वर्ग ४९, १, १, ४९. त्यांची सरासरी २५, हेच प्रचरण. त्याचे वर्गमूळ ५. इकडे ९ आणि १६ यांची बेरीजही २५च.

यामागे शाळेतलेच सूत्र आहे: (a + b)² = a² + b² + 2ab. चुका एकाच दिशेच्या असल्या की 2ab हे पद +२४ होते, विरुद्ध दिशेच्या असल्या की −२४. स्वतंत्र चुकांमध्ये दोन्ही प्रकार सारख्याच वेळा घडतात आणि हे पद सरासरीत नाहीसे होते. वर्गमूळ मात्र बेरजेत शिरू शकत नाही, म्हणून प्रचरणे मिळवता येतात, प्रमाण विचलने नाहीत. रोनाल्ड फिशर यांनी १९१८ साली प्रचरणाला त्याचे इंग्रजी नाव दिले, ते याच सोयीकडे बोट दाखवून.

आता लांब्यांची वजाबाकी करा. फरकातल्या चुका −१, +७, −७, +१, म्हणजे प्रचरण पुन्हा २५. वजाबाकीत चूक वजा होत नाही, ही गोष्ट प्रयोगशाळेत मुरलेलेही विसरतात. X आणि Y या मापांना a आणि b हे गुणक असले, तर प्रचरणात, म्हणजे Var मध्ये, त्या गुणकांचा वर्ग होतो:

Var(aX + bY) = a²Var(X) + b²Var(Y) + 2ab·Cov(X, Y)

यात एक फसवी जागा आहे. पहिल्या पट्टीचे माप नुसते दुप्पट केले, तर चूकही दुप्पट होते, विचलन ६. पण तशाच दोन पट्ट्या वेगवेगळ्या मोजून बेरीज केली, तर प्रचरण ९ + ९ = १८ आणि विचलन सुमारे ४.२. दुप्पट केलेली चूक स्वतःलाच खोडू शकत नाही.

सूत्रातले शेवटचे पद, Cov, सहप्रचरणाचे, म्हणजे दोन चुका किती जोडीने बदलतात याचे. स्वतंत्र चलांसाठी ते शून्य असते. पण दोन्ही पट्ट्या एकाच टेपने मोजल्या आणि उन्हाने तो टेपच प्रसरण पावत असेल, तर चुका हातात हात घालून चालतात. त्या कायम एकाच दिशेच्या झाल्या, तर उरतात फक्त +७ आणि −७, आणि तेव्हा बेरजेचे विचलन खरोखर ७ भरते. फरकाचे मात्र १वर येते. म्हणून जोडीने मोजमापे बऱ्याचदा घ्यावीत आणि बेरजेचे व फरकाचे विचलन वेगवेगळे काढावे. दोन्ही ५च्या आसपास आली, तर सहप्रचरण नगण्य आहे. बेरजेचे जास्त आणि फरकाचे कमी दिसले, तर आधी टेप तपासावा.