टाके निघाले, पण आत काय चाललंय?

माझ्या मावसबहिणीचं सिझर झालं आणि चौथ्या दिवशी तिला घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर औषधांखाली एक ओळ होती : ‘सहा आठवडे जड उचलू नये.’ सातव्या दिवशी टाके काढले. जखम कोरडी, बारीक रेघ तेवढी उरलेली. दुसऱ्याच दिवशी तिनं न्हाणीघरातली भरलेली बादली उचलली आणि कळवळून खाली बसली. त्या एका ओळीमागचं कारण कार्डावर मावत नाही, म्हणून हे लिहितोय.

सिझरमध्ये कातडी, चरबी, पोटाच्या स्नायूंवरचा पांढरा चिवट पडदा आणि शेवटी गर्भाशय, असे थर कापत जावं लागतं. कातडीच्या पेशी दोन्ही कडांवरून सरकत येतात आणि साधारण ४८ तासांत वरची फट बुजते. म्हणून पुढे आंघोळ चालते. जखम न चोळता टिपून कोरडी करायची, एवढंच.

पण पोटाचा ताण कातडी पेलत नाही, तो पेलतो पांढरा पडदा. तिथे पहिले काही दिवस पांढऱ्या पेशी साफसफाई करतात. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात आणि कोलॅजेनचे धागे विणू लागतात. हे पहिलं विणकाम घाईचं असतं : धागे बारीक आणि कसेही पडलेले. पुढे शरीर ते मोडतं आणि ताणाच्या दिशेनं जाड धागे घालून त्यांना एकमेकांशी जखडतं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी जखमेत मूळ ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा असतो, सहा आठवड्यांनी साधारण निम्मी, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीचे काही आठवडे भार पेलतात आतले विरघळणारे टाके. म्हणून बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही आणि उठताना कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठायचं.

विश्रांती म्हणजे पडून राहणं मात्र नव्हे. घरात चालत राहिलं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका घटतो. ‘पाणी प्यायलं की पोट सुटतं’ म्हणून बाळंतिणीला तहानलेली ठेवणं आणि जखमेवर हळद-राख दाबणं, दोन्ही बंद व्हायला हवं. तिला पाणीही हवं आणि प्रथिनंही. कोलॅजेन प्रथिनांतूनच बनतं.

बहिणीच्या जखमेचं एक टोक दहाव्या दिवशी लाल, गरम झालं. बादलीशी याचा संबंध नव्हता, हा जंतुसंसर्ग होता. वहिनीनं लालीभोवती पेनानं रेघ ओढली. सकाळी लाली रेघेबाहेर बोटभर गेली होती आणि ताप १०१ होता. डॉक्टरांनी दोन बोटं जखम उघडून पू काढला आणि रोज ड्रेसिंग सांगितलं. स्तनपानात चालणारी अँटिबायोटिक्स दिल्यामुळे अंगावर पाजणं एकही दिवस थांबलं नाही. पोटावर भार नको म्हणून बाळाला काखेखाली धरून पाजायचं.

ताप, दुर्गंधीचा स्राव, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, एकाच पोटरीला सूज, धाप, किंवा डोळ्यांपुढे काजवे आणणारी डोकेदुखी : यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. शेवटची खूण वाढलेल्या रक्तदाबाची असू शकते आणि तो बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो.