पासवर्ड बदलूनही परीक्षेचं पोर्टल उघडत नाही? आधी हे करा, मग अर्ज द्या

रात्री साडेनऊ, मानेवाड्यातलं आमचं घर, सकाळी लेकीचा ऑनलाइन पेपर. पासवर्ड बदलला की पोर्टल पुन्हा पासवर्ड बदलायच्याच पानावर. "बाबा, सहाव्यांदा करून राहिली मी!" ती रडकुंडीला आली होती. गोम त्या सहाव्यांदातच होती.

Forgot Password दाबलं की नवी लिंक येते आणि बहुतेक ठिकाणी आधीची रद्द होते. सहाही मेल एकाच विषयाच्या, म्हणून जीमेलने त्यांचा एकच गठ्ठा केलेला. ताजी मेल सगळ्यात खाली, आणि लेक उघडायची वरची. एकदा बरोबर लिंक लागली, तर लॉगिनच्या वेळी क्रोमने आपणहून साठवलेला जुना पासवर्ड भरला. ठिपकेच दिसतात, कळणार कसं?

आधी अर्धा तास काहीच दाबलं नाही. उशिरा येणाऱ्या मेल येऊन जातात, आणि चुकीच्या प्रयत्नांमुळे खातं थोड्या वेळापुरतं बंद झालं असेल तर तेही बऱ्याचदा उघडतं. मग लॅपटॉपवर Ctrl+Shift+N ने इनकॉग्निटो खिडकी उघडून लिंक एकदाच मागवली. मेलची वेळ जुळवून लिंक त्याच खिडकीत चिकटवली आणि नवा पासवर्ड डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून, बघत बघत हाताने टाकला. उघडलं.

एवढं करूनही तेच पान परत आलं, किंवा लिंक अथवा ओटीपी येतच नसेल, तर बिघाड तुमच्या हातातला नाही. तिच्या मैत्रिणीचं तसंच होतं: नोंदवलेला नंबर तिच्या बाबांच्या बंद पडलेल्या सिमचा. तिथे खातं दुरुस्त करून घ्यायला कॉलेजकडे अर्जच लागतो.

अर्ज विद्यार्थ्याच्या नावाने आणि त्याच्याच सहीने द्यायचा. मुलगा बाहेरगावी असेल तर त्याचं अधिकारपत्र आणि स्वतःचं ओळखपत्र घेऊन पालकाने जावं. नुसतं "मी वडील आहे" सांगून खिडकीवर भागत नाही. परीक्षा फॉर्म भरलेला हवा, म्हणून शुल्काची पावती जोडा. सोबत हॉलतिकीट, कॉलेजचं ओळखपत्र, आधारची प्रत आणि स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉटमध्ये वरचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसू द्या. लोक नेमकं तेवढंच कापतात. अर्जात नोंदणी क्रमांक, जुना नंबर आणि नवा नंबर स्पष्ट लिहा.

आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात जा. थेट विद्यापीठात गेलात तर बहुधा "कॉलेजमार्फत या" म्हणून परत धाडतात. पेपर त्याच दिवशी असेल तर वेळ सुरू होण्याआधीच परीक्षा समन्वयकांना फोन करा आणि तोच स्क्रीनशॉट मेलने पाठवा, म्हणजे उशीर का झाला याची नोंद राहते.

सायबर कॅफेवाल्याने "नवीन नोंदणी करून देतो" म्हटलं तर नको म्हणा. नव्या खात्यात भरलेला फॉर्म नसतो, आणि एका विद्यार्थ्याची दोन खाती झाली की ती जुळवायला आणखी एक अर्ज. दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर मात्र तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.