कॉलर माइकवरची खरखर कुठून येते?

मुलाखतीच्या चित्रीकरणात कॉलर माइकवर खरखर आली, तर ‘ती नंतर संकलनात काढून टाकू’ असे सर्रास म्हटले जाते. हा भरवसा अर्धाच खरा आहे. छातीला हात लागल्यावर येणाऱ्या धप आवाजाची बहुतेक ऊर्जा 100 हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली असते, तर स्त्रियांच्या आवाजाची मूळ वारंवारिता सामान्यतः 160 हर्ट्झच्या वर असते. त्यामुळे लो-कट फिल्टरने तो बराचसा वेगळा काढता येतो. खरखरीचे तसे नाही.

माइकच्या जाळीवर कापड घासते तेव्हा ते एकसारखे सरकत नाही. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असल्याने धागा आधी अडकतो, मागचे कापड ताणले जाते, ताण पुरेसा वाढला की धागा झटक्यात सुटतो आणि लगेच पुन्हा अडकतो. व्हायोलिनच्या तारेवर गज ओढताना हेच घडते. मात्र तिथे तारेची स्वतःची कंपने या अडकण्या-सुटण्याला नियमित करतात आणि सूर निघतो. कापडाच्या असंख्य तंतूंना असा ताल नसतो. प्रत्येक सुटका हा एक क्षणिक धक्का असतो आणि धक्का जितका अल्पकालीन, तितकी त्याची ऊर्जा रुंद वारंवारिता-पट्ट्यात पसरते. म्हणूनच खरखर थेट ‘स’, ‘श’, ‘च’ यांच्या पट्ट्यात येऊन बसते आणि ती छाटली, की शब्दही बोथट होतात. माइक महाग घेतल्याने यात फरक पडत नाही, कारण चांगला माइक ती खरखरही तितक्याच इमानाने टिपतो.

उपाय एकच: माइक आणि कापड यांच्यातली सापेक्ष हालचाल थांबवणे. समजा, पाहुण्या खळ घातलेल्या सुती साडीत आहेत. मायक्रोपोर टेपच्या दोन पट्ट्या चिकट बाजू बाहेर ठेवून त्रिकोणी दुमडाव्यात, एक माइकच्या मागे आणि एक पुढे लावावी व जाळी मोकळी ठेवून माइक ब्लाउज आणि पदर यांच्यामध्ये, हनुवटीखाली वीतभर अंतरावर, मंगळसूत्र पोहोचणार नाही असा चिकटवावा. आता तिन्ही गोष्टी एकत्र हलतात. माइकखाली वायरीचा छोटा वेढा करून तोही टेपने पक्का करावा, म्हणजे कमरेपाशी बसलेला झटका वेढ्यातच जिरतो.

मग हेडफोन लावून कमरेपाशी वायर हलकेच ओढावी. आवाज आला, तर वेढा नीट बसलेला नाही. वायर शांत असून खांदा हलवताच खरखर आली, तर कापड सुटलेले आहे. शेवटी पाहुण्यांना छातीला हात लावायला सांगून पातळी पाहावी. धप आवाजाने रेकॉर्डरची मर्यादा ओलांडली, तर ध्वनिलहरीचे माथे छाटले जाऊन वरच्या वारंवारिताही निर्माण होतात आणि मग फिल्टर निरुपयोगी ठरतो. म्हणून बोलण्याचे उच्चांक -12 डेसिबलच्या आसपास ठेवावेत.

पदर पदरावरच घासून होणारी सळसळ मात्र हवेतून माइकपर्यंत येते, तिच्यावर टेपचा इलाज नाही. तिथे पदराच्या निऱ्या पिनेने घट्ट बसवाव्यात, नाहीतर चौकटीबाहेरून बूम माइक धरावा.